थोडा नव्हे, अजून

आमच्या नानांचा घसा बसला आणि मला आनंद झाला. मुलीनं असं म्हणू नये, पण झाला तो झाला. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाचा आवाज डॉक्टरांनी आठवडाभर बंद ठेवायला सांगितला होता. तुळजापुरातल्या आमच्या घरात इतकी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती.

नेमकं त्याच आठवड्यात बेंबळीचं बोलावणं आलं. तिथल्या शाळेतले मास्तर अंबादास यांनी स्वतः नाटक लिहिलं होतं, ‘सारजेची विहीर’. ते शाळेच्या पटांगणात होणार होतं आणि परीक्षक म्हणून नानाच हवे होते. माझे वडील विष्णुपंत म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. निजामाच्या राज्याच्या विलीनीकरणानंतर उर्दू शाळांच्या मराठी शाळा झाल्या तेव्हा मास्तर मिळेनात. त्या वेळी नानांनी गावोगावची पोरं हाताशी धरून त्यांचे मास्तर केले. अंबादास त्यांतलेच एक.

नाना नुसतं उणं सांगून थांबले असते तर प्रश्न नव्हता. ते झोडपत. एका गावच्या गवयाला ते भर सभेत म्हणाले होते, “गळा धुऊन दोरीवर वाळत घाला.” त्या गवयानं पुन्हा पेटीला हात लावला नाही. मी स्वतः बारा वर्षांची असताना गॅदरिंगमध्ये कविता म्हणायला उभी राहिले होते. नाना पहिल्या रांगेतून म्हणाले, “विमल, बोलतेस की दळतेस?” सगळी शाळा हसली. नानांचं खरं होतं, मी भरभर बोलत होते. पण त्यानंतर, पुढं स्वतः मास्तरीण झाले तरी, मी वर्गाबाहेर कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग आहे. अजूनही आहे.

तर, आवाज नसताना परीक्षक कसा जाणार? नानांनी कपाटावरची पाटी काढली, खडूनं लिहिलं, “तू वाच.” आणि टोपी घातली.

“मी? स्टेजवर?” मी म्हटलं.

त्यांनी पाटीवरच्या ‘तू’खाली रेघ ओढली.

---

उस्मानाबादला एस.टी. बदलून आम्ही बेंबळीत उतरलो तेव्हा दुपारचं जेवण आटोपून गाव पटांगणाकडं निघालं होतं. नाटक दिवसाउजेडी होतं, कारण गॅसबत्तीवर कुणाचा भरवसा नव्हता आणि बायांनाही यायचं होतं. बाया येणार होत्या कारण यंदा नवल होतं. सारजेचं काम बाई करणार होती! खरीखुरी बाई! अंबादासमास्तरांची बायको, चंद्रप्रभा.

मागल्या वर्षापर्यंत गावात बायकी पार्ट नागप्पा करायचा. चांगला पहिलवान गडी. पातळ नेसून तो उभा राहिला की पुढची पोरं मागं सरकायची. स्टेजच्या मागच्या बाजूला तो मला भेटला तो मिशीवरून हात फिरवतच.

“बाई, जरा संभाळून बोला,” तो हळूच म्हणाला. “लई मिन्नतवारीनं वाढवलीय ही मिशी. वहिनींचं जमलं न्हाय तर पुन्ना मलाच भादरतेत.”

मी हसले. पण अंबादासमास्तर हसत नव्हते. त्यांचे वडील बाबूराव तिथंच खुर्चीवर बसले होते. निजामाच्या काळात तहसिलीत कारकुनी केलेला हा माणूस. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात काठी. त्यांनी नानांना अदबीनं नमस्कार केला, चहा मागवला आणि सगळं सरळच सांगून टाकलं.

“पंत, सुनेला उभं राहू दिलं ते अंबादासनं हट्ट धरला म्हणून. येत्या ऐतवारी परंड्यालाबी खेळ ठरलाय. पण माझी एक अट हाय. आज चार लोकांत तुमी माझ्या सुनेला नाव ठेवलं, तर खेळ इथंच बंद. आमच्या खानदानाची इज्जत काय नाटकावर टांगलेली न्हाय.”

“पण बाबूराव काका,” मी म्हटलं, “उणं असेल ते सांगावं तर लागणारच.”

“सांगा की. मी कुठं नको म्हनायलोय? सांगणं येगळं आन् नाव ठेवणं येगळं.”

ते इतकं बोलले आणि काठी टेकत पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्या दोन गोष्टींमधली रेघ नेमकी कुठं आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मलाच शोधायचं होतं, तेही स्टेजवर.

कारण बेंबळीची रीत मोठी अवघड होती. नाटक संपलं की पडदा पुन्हा उघडायचा. सगळे नट तोंडाला रंग तसाच ठेवून, हातात नारळ घेऊन ओळीत उभे राहायचे. मग परीक्षकानं त्यांच्यासमोर आणि सगळ्या गावासमोर एकेकाचं उणं सांगायचं. मागाहून कानात नाही, चिठ्ठीवर नाही. गावाला त्यातच निम्मी करमणूक असायची.

चंद्रप्रभा मला पडद्याआड दिसली. हातात कळशी, कपाळावर मोठं कुंकू. तिनं माझा हात धरला.

“विमलताई, उणं असलं तर सांगा हं,” ती म्हणाली. “न सांगता सोडू नका. मला हे काम करायचंय. आजच्यापुरतं न्हाय, पुढंबी. पण... मामंजींसमोर...”

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

---

नाटक सुरू झालं. आणि काय सांगू, मला विसरच पडला की मी कशासाठी आले आहे! सारजा म्हणजे गावातली एक साधी बाई. हातात कुदळ घेऊन ती एकटीच विहीर खणायला लागते आणि हळूहळू अख्खं गाव तिच्या मागं येतं. चंद्रप्रभेचे डोळे बोलत होते. कळशी रिकामी आहे हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. ती खांद्यावर कुदळ घेऊन वळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण तिचा आवाज! मी पहिल्या रांगेत होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुसऱ्या अंकात मी मुद्दाम उठून मागं गेले. तिथं बाया बसल्या होत्या. पोरांना मांडीवर घेऊन, माना उंच करून. त्यांच्यापर्यंत काही म्हणता काही येत नव्हतं. तोंड हलताना दिसत होतं, एवढंच. गजराबाई नावाची एक धनगरीण शेजारणीला विचारत होती, “काय म्हनली गं? काय म्हनली?” शेजारीण म्हणाली, “देवाला म्हाईत.”

मी परत येऊन बसले तेव्हा नानांनी पाटी माझ्याकडं सरकवली. तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : “नायिका स्टेजवर आली. आवाज घरी विसरली.”

वाक्य झकास होतं. गाव हसलं असतं, महिनाभर म्हटलं असतं. आणि चंद्रप्रभेचं नाटक तिथंच संपलं असतं.

“हे मी वाचणार नाही,” मी कुजबुजले.

नानांनी लिहिलं, “खोटं आहे?”

“खोटं नाही. पण असं नाही सांगायचं.”

“मग कसं?”

“माझ्यावर सोडा. अर्थ तोच ठेवते, शब्द माझे.”

त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, “अर्थ हलला तर ठोकीन.”

ठोकीन म्हणजे मला नव्हे, पाटीला. वर्गात पोरगं चुकलं की ते टेबलावर रूळ ठोकत, तसं. मी मान डोलावली. त्या क्षणी मला भीती वाटली की उत्साह, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं.

---

पडदा पुन्हा उघडला. नट ओळीत उभे. चंद्रप्रभा मधोमध, हातात नारळ, नजर खाली. नानांसाठी स्टेजच्या कडेला खुर्ची ठेवली होती. ते मांडीवर पाटी घेऊन बसले. मी पुढं आले. समोर एवढी माणसं! बारा वर्षांची विमल माझ्या आत कुठंतरी पळून जायला दार शोधत होती.

“नानांचा घसा बसलाय,” मी सुरुवात केली. “म्हणून त्यांचं मत मी सांगते.”

“जोरात!” कुणीतरी ओरडलं. मी आवाज चढवला.

आधी अंबादासमास्तरांचा नंबर. नानांनी पाटीवर लिहिलं होतं : “तिसरा अंक म्हणजे चघळलेला ऊस.” मी श्वास घेतला. वर्गात मी काय करते ते आठवलं. मुलीचं अक्षर खराब असलं तर मी ‘तुझं अक्षर घाणेरडं’ म्हणत नाही. ‘ओळ खाली उतरायलीय बघ’ म्हणते. दोष तोच, पण तो मुलीच्या अंगावर न जाता वहीवर जाऊन बसतो. मग ती वहीकडं बघते, रडत नाही.

“तिसऱ्या अंकात जे सांगायचं आहे,” मी म्हटलं, “ते दुसऱ्यातच नीट सांगून झालं आहे. म्हणून तो अंक लांब वाटतो.”

मी कान टवकारले. ठोका आला नाही. अंबादासमास्तर मान हलवत होते, “खरंय, खरंय” म्हणत होते. लोकही “व्हय, व्हय” म्हणाले. मला असा हुरूप आला म्हणता! जमतंय की! मग सरपंचाचं काम करणारा गडी, मग विहिरीचा देखावा. देखाव्यातली विहीर डुगडुगत होती. नानांनी “विहीर की पाळणा” लिहिलं होतं. मी म्हटलं, “विहिरीला मागून दोन टेकू हवे आहेत.” सगळं बिनठोक्याचं गेलं. माझी छाती फुगली आणि तिथंच मी घसरले.

“आता सारजा,” मी म्हटलं. पहिल्या रांगेत बाबूराव काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. पडद्याच्या कडेला नागप्पा मिशी धरून उभा होता.

“चंद्रप्रभाबाईंचा अभिनय मनाला भिडणारा होता. डोळे, चालणं, कुदळ धरणं, सगळं. फक्त आवाज थोडा कमी पडला.”

टक्.

खडू पाटीवर वाजला. मी नानांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या. का? मी सांगितलं की, कमी पडला म्हणून! आणि मग लख्खकन समजलं. थोडा! निम्म्या पटांगणाला एक शब्द ऐकू आला नव्हता, आणि मी त्याला थोडा म्हणत होते. नानांचं बरोबर होतं. शब्द मऊ करायचा सोडून मी गोष्टच लहान करून टाकली होती.

“थोडा म्हणजे...” मी अडखळले. बाबूरावांची काठी हलली. मी घाबरले. आणि घाबरलेलं माणूस हाताला येईल तो गोड शब्द उचलतं.

“म्हणजे, घरंदाज सुनेला शोभेल असा मर्यादेचा आवाज होता!”

बाबूरावांचा चेहरा खुलला. त्यांनी मागं वळून लोकांकडं पाहिलं. “ऐकलं का?” ते मोठ्यानं म्हणाले. “घरंदाज! सूनबाई, परंड्यालाबी असाच आवाज ठेवायचा. ह्याच्यापरीस चढवायचा न्हाय!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रप्रभेनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. तिनं मला सांगितलं होतं, न सांगता सोडू नका. आणि मी नुसतं सोडलं नव्हतं, तिच्या दोषाला हार घालून तो तिच्या गळ्यात कायमचा बांधला होता.

टक्! टक्! टक्! नाना खुर्चीवरून अर्धे उठले होते. शेवटच्या ठोक्याला पाटीचा कोपरा तुटून खाली पडला.

“पंतांना काय झालं?” बाबूरावांनी विचारलं.

आता काय सांगावं! नाना पाटी उचलून लोकांना दाखवतील का? त्यावर ते मूळ वाक्य पुन्हा लिहितील का? त्यांनी खडू उचललासुद्धा. मी हात पुढं केला, थांबा म्हणून. आमच्या नानांना मी आयुष्यात पहिल्यांदा थांबवलं, आणि ते थांबले.

“माझं चुकलं,” मी लोकांना म्हटलं. “शब्द मी चुकीचा निवडला. मर्यादेचा आवाज घरात चांगला. स्टेजवर तो चांगला म्हणता येणार नाही.”

पटांगणात कुजबूज झाली. बाबूरावांचा चेहरा पुन्हा आवळला. मी डोकं चालवत होते, इतक्या जोरात की मला वाटलं ते लोकांना ऐकू जाईल. ‘तुमचा आवाज’ म्हटलं की बोट तिच्याकडं जातं. ‘मोठ्यानं बोलली नाही’ म्हटलं की कसूर तिची होते. थोडा, जरा, किंचित म्हटलं की खोटं होतं. मग बोलायचं कुणाच्या जागेवरून? आणि मला मागच्या त्या बाया दिसल्या, अजून माना उंच करून बसलेल्या.

“मी दुसऱ्या अंकात मागं जाऊन बसले होते,” मी म्हटलं. “तिथं बाया बसल्यात. लांबून चालत आल्यात, सारजेला ऐकायला. सारजेचं बोलणं पुढच्या रांगांतच राहिलं. त्यांच्या वाट्याला ते आलं नाही.”

मी ठोक्याची वाट पाहिली. खडू हवेत होता. तो हवेतच राहिला.

बाबूराव उभे राहिले. “म्हंजे माझ्या सुनेनं काम बिघडवलं, असं म्हनायचंय का तुमाला?”

सरळ प्रश्न. हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर नाना ठोकणार होते, ‘हो’ म्हटलं असतं तर बाबूराव खेळ बंद करणार होते.

“बिघडलं नाही, काका,” मी म्हटलं. “अजून पोचलं नाही.”

अजून! तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली. त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. पोचलं नाही ते नाहीच. पण दार बंद झालं नव्हतं. मी नानांकडं पाहिलं. त्यांनी खडू खाली ठेवला होता.

“मला तर समदं ऐकू आलं,” बाबूराव म्हणाले. पण आवाज मघासारखा करडा नव्हता.

“तुमच्या जागेवरून ऐकू आलंच असणार, काका.”

तेवढ्यात मागून गजराबाई उठली. हातातलं पोर खाकेत मारत ती ओरडली, “आमाला काय बी ऐकाय आलं न्हाय बघा! त्वांड हालायलं तेवडं दिसलं. म्या म्हनलं, पान खायलीय का काय सारजा!”

सगळं पटांगण हसलं. माझा जीव वरखाली झाला. पण चंद्रप्रभा हसली! हातातल्या नारळाआड तोंड लपवून, खरंखुरं हसली. ते पाहून बाबूरावांनाही काय करावं ते कळेना. त्यांनी एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा मागं. मग काठी उचलली आणि चालायला लागले. मला वाटलं, संपलं. हा माणूस निघाला घरी. अंबादासमास्तर स्टेजवरून उतरायला लागले.

पण बाबूराव फाटकाकडं वळले नाहीत. रांगांमधून वाट काढत ते थेट मागं गेले. बाया पदर सावरत सरकल्या. बंद गळ्याचा कोट घातलेला तो माणूस गजराबाईच्या पलीकडं जमिनीवर मांडी घालून बसला. “सूनबाई,” ते तिथून ओरडले, “विहिरीचं ते वाक्य म्हणा. शेवटचं.”

चंद्रप्रभेनं नारळ अंबादासमास्तरांच्या हातात दिला. तिनं पदर खांद्यावर घेतला आणि वाक्य म्हटलं. मला ऐकू आलं. मी मागं पाहिलं. बाबूरावांनी कानामागं हात धरला होता.

“न्हाय आलं,” ते म्हणाले. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “खरंच न्हाय आलं की.”

“पुन्ना म्हना वहिनी!” पडद्याआडून नागप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला. “पोटातनं काढा, पोटातनं! गळ्यातनं नगं!”

चंद्रप्रभेनं मान वर केली. या वेळी तिनं पुढच्या रांगेकडं पाहिलंच नाही. थेट मागं, आपल्या सासऱ्याकडं पाहिलं.

“ही विहीर माझ्या एकटीच्या घरासाठी न्हाय! गावातल्या हरेक घागरीसाठी हाय!”

काय आवाज होता तो! शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. छपरावरचे पारवे उडाले. मागच्या बायांनी असा गलका केला की पोरं रडायला लागली. गजराबाई तर पोर खाली ठेवून टाळ्या पिटत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

बाबूराव उठले, कोट झटकला. गलका थांबेपर्यंत ते उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर.

“मास्तरीणबाई,” ते मला म्हणाले, “ह्याला नाव ठेवणं म्हणत न्हाईत. ह्याला काम सांगणं म्हणत्यात.” मग अंबादासमास्तरांकडं वळून म्हणाले, “ऐतवारी परंड्याला मी येणार. आन् माझी जागा शेवटच्या रांगेत ठेवा. पुढं बसून माणसाला काय कळत न्हाय.”

नागप्पानं मिशीला पीळ दिला, तो मी पाहिला.

---

रविवारी आम्हीही परंड्याला गेलो. किल्ल्याजवळच्या मैदानात बाजारापेक्षा जास्त माणूस होतं. नानांचा आवाज अजून बंदच होता. तिसरा अंक कापून निम्मा केला होता आणि विहिरीला मागून दोन टेकू होते. शेवटच्या वाक्याला मी मागं वळून पाहिलं. बाबूराव शेवटच्या रांगेत होते आणि कानामागं हात धरलेला नव्हता. काठी मांडीवर आडवी टाकून ते दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले. मला अजून बोलायचं होतं, सगळ्या गाडीला सांगायचं होतं. नानांनी कोपरा तुटलेली पाटी काढली. खडूनं काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. इतका वेळ त्यांना एका वाक्याला कधी लागला नव्हता. मग पाटी माझ्याकडं सरकवली.

“बेंबळीत बोललीस. शेवटपर्यंत ऐकू आलं. थोडी घाई होते.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. बोलतेस की दळतेस, तेच होतं ते. तोच दोष, तीच मी, इतक्या वर्षांनी. आणि या माणसानं माझ्यासाठी मऊ शब्द शोधला होता. पण मी त्यांचीच मुलगी. मी बोटानं पाटीवर ठोकलं, बरोबर ‘थोडी’वर. टक्.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग ते हसले, आवाज न करता, खांदे हलवत. बोटानं ‘थोडी’ पुसलं आणि त्या जागी नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, “अजून.”